या चुका टाळा: पित्त उठले की पहिला प्रकार, उशीर झाला की चौथा प्रकार

हायपरसेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अपायकारक अतिरेकी प्रतिक्रियांचे, चार प्रकार गेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ साली मांडले आणि तेव्हापासून विद्यार्थी ते पाठ करत आले आहेत. पाठ करण्यासाठी ‘ॲसिड’ हा शब्द प्रचलित आहे: ए म्हणजे ॲनाफायलॅक्सिस, सी म्हणजे सायटोटॉक्सिक, आय म्हणजे इम्यून कॉम्प्लेक्स आणि डी म्हणजे डिलेड. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी अनेक वर्षे इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. हा एक शब्द पाठ करून प्रतिक्रिया आणि प्रकार यांच्या जोड्या लावायला बसणाऱ्यांच्या त्याच त्या चुका तपासून मी खरोखर कंटाळलो आहे. नावे लक्षात ठेवायला हा शब्द ठीक आहे. पण समोर रुग्ण असताना त्यातला ‘ए’ आणि ‘डी’ दोन्ही दगा देतात.

पहिली चूक सर्वांत जास्त दिसते. अंगावर पित्त उठलेले दिसले की विद्यार्थी डोळे झाकून ‘पहिला प्रकार’ लिहितात. या चुकीचा मला आलेला अनुभव जरा विस्ताराने सांगतो, कारण त्या एकाच रुग्णात तीन वेगवेगळ्या प्रतिक्रिया पाहायला मिळाल्या.

जुलै महिना होता. जमिनीवर झोपलेल्या एका शेतमजुराला पहाटे मण्यार चावली. पोटात दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तेव्हा घरच्यांनी त्याला आमच्याकडे आणले. पण त्याआधी कोणीतरी दंशाच्या जागी, घोट्याजवळ, बिब्ब्याचे तेल चोळले होते. आम्ही सर्पविषविरोधी लसीच्या १० बाटल्या सलाइनमधून सुरू केल्या. साधारण २५ मिनिटांनी त्याचे अंग खाजू लागले, गांधी उठल्या, उलटी झाली, छातीत घरघर सुरू झाली आणि रक्तदाब ८० वर आला. लस तात्पुरती थांबवून मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन दिले. रुग्ण सावरल्यावर लस हळूहळू पुन्हा सुरू केली. पाचव्या दिवशी तो घरी गेला.

नवव्या दिवशी तो भावाच्या आधाराने परत आला. “साहेब, सांधे लय दुखून रायले, अन् आंगभर पित्त उठून रायलं,” एवढेच तो म्हणाला. ताप १०१ होता, गुडघे व मनगटे दुखत होती, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी हाताला लागत होत्या. ड्युटीवरच्या इंटर्नने पहिल्या दिवसाचा कागद वाचला, गांधी पाहिल्या, “पुन्हा ॲनाफायलॅक्सिस” असे लिहिले आणि ॲड्रेनॅलिन भरले. मी पोहोचेपर्यंत इंजेक्शन देऊन झाले होते. रुग्णाचे हात थरथरत होते, छातीत धडधडत होते आणि सांधे जसेच्या तसे दुखत होते.

“रक्तदाब किती होता?” मी विचारले.

“सर, १२०/८०.”

“श्वास?”

“व्यवस्थित होता, सर. पण पित्त होतं ना.”

या ‘पण पित्त होतं ना’ मध्येच ती चूक सापडते. गांधी हे कातडीतल्या मास्ट पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडल्याचे चिन्ह आहे; ते कशामुळे बाहेर पडले, हे गांधी सांगत नाहीत. पहिल्या प्रकारात मास्ट पेशीवर आधीच बसलेल्या आयजीई अँटिबॉडीला अँटिजेन जोडला जातो आणि काही मिनिटांत पेशीतले हिस्टामिन बाहेर पडते. नवव्या दिवशी आमच्या रुग्णाला झाला होता तो सीरम सिकनेस, आणि त्यात कथा निराळी असते. घोड्यापासून तयार केलेल्या लसीतील प्रथिने रक्तात फिरत राहतात, शरीर हळूहळू त्यांच्याविरुद्ध आयजीजी अँटिबॉडी बनवते, आणि त्या पुरेशा बनल्या की दोहोंचे छोटे छोटे पुंजके तयार होऊन सांधे, कातडी, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिने जागी होतात, त्यांचे काही तुकडे मास्ट पेशींनाही चेतवतात आणि पित्त उठते. म्हणून पित्त असूनही हा तिसरा प्रकार आहे. सोबत ताप, सांधेदुखी आणि गाठी असतील, रक्तदाब शाबूत असेल, तर पित्ताला साक्षीदार समजावे, आरोपी समजू नये. आम्ही त्याची लघवी तपासली, प्रथिनांचा जेमतेम अंश होता. गोळ्या दिल्या, आणि आठवड्याभरात तो कामावर गेला. इंटर्नला मी रागावलो खरा, पण माझीही चूक होती: घरी सोडताना ‘पाच ते चौदा दिवसांत ताप-सांधेदुखी आली तर या’ हे मी कागदावर लिहिलेच नव्हते. आता ते मी स्वतःच्या हाताने लिहितो.

दुसरी चूक ‘डी’ या अक्षरातून जन्मते. याच रुग्णावर मी वर्गात प्रश्न घातला, तर अर्ध्या मुलांनी ‘नऊ दिवस उशीर झाला, म्हणजे डिलेड, म्हणजे चौथा’ असे उत्तर दिले. इथे घड्याळ कुठून सुरू करायचे, हेच कुणी विचारत नाही. चौथ्या प्रकारातला ४८ ते ७२ तासांचा उशीर हा आधीच संवेदनशील झालेल्या माणसाला अँटिजेन पुन्हा भेटल्यानंतरचा असतो; टी पेशी गोळा व्हायला तेवढा वेळ लागतो. सीरम सिकनेसचे नऊ दिवस हे पहिल्याच भेटीनंतर अँटिबॉडी बनवण्याचे दिवस आहेत. त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा लस द्यावी लागली, तर हाच सीरम सिकनेस दोन-चार दिवसांतही येऊ शकतो, कारण या वेळी तयारी अर्धी झालेली असते. प्रकार मात्र तिसराच राहतो.

घड्याळाच्या नादी लागलेल्यांसाठी मी आमच्या भागातले दुसरे उदाहरण देतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण भरपूर आहेत आणि त्यांना वारंवार रक्त चढवावे लागते. चुकीच्या गटाचे रक्त गेले तर प्रतिक्रिया मिनिटांत येते, कारण अँटिबॉडी आधीच हजर असते. आणि जुन्या रक्तामुळे तयार झालेली, मध्यंतरी मावळलेली एखादी अँटिबॉडी पुन्हा वाढली तर तीच प्रतिक्रिया आठवडाभराने येते. दोन्ही वेळा मार लाल पेशींच्या पृष्ठभागावरच बसतो, म्हणून दोन्ही दुसऱ्या प्रकारातच मोडतात. (सिकलसेलमध्ये पेशी मुळातच फुटतात, त्याचा हायपरसेन्सिटिव्हिटीशी काहीही संबंध नाही, तरी दरवर्षी एक तरी उत्तरपत्रिका दोहोंची सांगड घालतेच.)

म्हणून माझी सवय अशी आहे: मी आधी मार कुणाला बसला ते विचारतो. पेशीवर घट्ट बसलेल्या अँटिजेनला बसला असेल तर दुसरा, रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या अँटिजेनला धरून पुंजके झाले असतील तर तिसरा. घड्याळ मी नंतर पाहतो. ही काही पुस्तकी पद्धत नाही, पण घाई करणाऱ्यांना ती थोडे थांबायला लावते.

आता त्या रुग्णाच्या पहिल्या दिवसाबद्दल, कारण हुशार मुले इथे अडखळतात. त्याने आयुष्यात लस पहिल्यांदाच घेतली होती. मग आयजीई आली कुठून? शंका रास्त आहे. सर्पविषविरोधी लसीच्या बऱ्याचशा तात्काळ प्रतिक्रिया आयजीईमुळे होत नाहीत. कॉम्प्लिमेंट चेतवले जाऊन किंवा मास्ट पेशी थेट चेतवल्या जाऊन त्या होतात. त्यामुळेच कातडीखाली थोडी लस टोचून केलेली चाचणी या प्रतिक्रियेचे भाकीत करू शकत नाही आणि ती करू नये. रुग्ण मात्र ॲनाफायलॅक्सिसनेच खाली जातो आणि उपचार तोच, ॲड्रेनॅलिनचा. जोडी लावताना निखळ पहिल्या प्रकाराचे उदाहरण हवे असेल, तर आधी एकदा गांधीलमाशी चावलेल्या माणसाला ती पुन्हा चावून आलेला ॲनाफायलॅक्सिस घ्यावा.

तीच चूक उलट बाजूनेही होते: पदार्थ ओळखीचा दिसला की त्याचा प्रकार ठरलेलाच, असे मानले जाते. पेनिसिलिनने आयजीईमार्फत ॲनाफायलॅक्सिस होतो, लाल पेशींना चिकटून ते रक्तक्षय घडवते, सीरम सिकनेससारखा आजारही आणते आणि टी पेशींमार्फत पुरळही. पेनिसिलिनपुढे ‘पहिला’ लिहून मोकळे होणाऱ्याला मी एकही गुण देत नाही.

राहिला बिब्बा. त्याच रुग्णाच्या घोट्याभोवती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारीक फोड येऊन प्रचंड खाज सुटली. नर्सताईंनी ‘दंशाची सूज’ अशी नोंद केली. पण मण्यार चावलेल्या जागी सहसा सूज किंवा फोड येतच नाहीत, मग ते दंशाचे कसे असतील? बिब्ब्याच्या रसाचे दोन स्वभाव असतात आणि इथे शॉर्टकट घेणारा हमखास फसतो. रस कुणाच्याही कातडीला जाळतो. ती जळजळ काही तासांत सुरू होते, दुखते जास्त आणि रस लागला तिथेच थांबते. ती हायपरसेन्सिटिव्हिटीच नव्हे. मात्र पूर्वी बिब्ब्याने संवेदनशील झालेल्या माणसात दिवस-दोन दिवसांनी खाजणारे फोड येतात आणि ते रस लागलेल्या जागेच्या बाहेरही पसरतात. ही टी पेशींची, म्हणजे चौथ्या प्रकारची ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस आहे. आमच्या रुग्णाने सांगितले की लहानपणी काटा मोडल्यावर आईने बिब्बा लावला होता आणि तेव्हाही पाय असाच ‘उतला’ होता. त्या एका वाक्याने जोडी जुळली. गाजर गवत उपटणाऱ्या मजुरांच्या चेहऱ्यावर व मानेवर येणारे खरजेसारखे पुरळही याच घरातले.

उरलेल्या चुकांना एकेक ओळ पुरे. मान्टूची चाचणी चौथा प्रकार, पण आर्थसची प्रतिक्रिया तिसरा. दोन्ही कातडीवर दिसतात, आर्थस चार ते बारा तासांत आणि मान्टू दोन-तीन दिवसांत. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसनंतरचा रुमॅटिक फीवर दुसऱ्यात गणला जातो आणि मूत्रपिंडाचा दाह तिसऱ्यात. जंतू एक म्हणून प्रकार एक नव्हे. आणि कॉन्टॅक्ट डर्मटायटिससाठी पाठीवर लावलेला पॅच २० मिनिटांनी काढून ‘निगेटिव्ह’ लिहू नये. २० मिनिटांचे वाचन टोचणीच्या चाचणीचे आहे. पॅच ४८ तास ठेवायचा, काढून पाहायचा, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचा. रुग्ण लांबच्या गावचा असेल आणि दोनदा येऊ शकणार नसेल, तर पॅच लावण्याआधीच त्याच्याशी तेवढे बोलून घ्यावे.