व्हॅरेक्टर लावला, पण 792 सापडेना : ट्यूनिंगमधल्या या चुका टाळा

जुना गँग कंडेन्सर आता सहज मिळत नाही, म्हणून मीडियम वेव्ह रेडिओत त्याच्या जागी बरेच जण व्हॅरेक्टर डायोड बसवतात. डायोडला उलटा व्होल्टेज दिला की जंक्शनमधला वाहक नसलेला पट्टा रुंदावतो आणि कपॅसिटन्स कमी होतो. व्होल्टेज वाढवत नेला की स्टेशनं वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतात. तत्त्व एवढंच, पण घोळ होतो तो आजूबाजूच्या दोन-तीन पार्टमुळे.

माझा बोर्ड 1SV149 वर होता. हा डायोड 1 व्होल्टला साधारण 480 पिकोफॅरड आणि 8 व्होल्टला 25 च्या आसपास देतो. कॉइलची आणि वायरिंगची मिळून 20 पिकोफॅरड धरली, तर एकूण कपॅसिटन्स 500 ते 45 होतो. 180 मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर 531 किलोहर्ट्झपासून 1750 च्या थोडं पुढेपर्यंत पल्ला मिळायला हवा. मला मात्र पुणे आकाशवाणीचं 792 काही केल्या लागेना. वरची स्टेशनं येत होती, खालचा बँडच गायब.

दोष निघाला डायोडच्या सिरीजमधल्या कंडेन्सरमध्ये. ट्यूनिंगचा डीसी कॉइलमधून ग्राउंडला जाऊ नये म्हणून तो लागतोच, पण मी हाताला लागलेला 100 पिकोफॅरडचा लावला होता. सिरीजमध्ये लहान कंडेन्सरचंच राज्य चालतं. 480 आणि 100 मिळून 83 होतात, 25 आणि 100 मिळून 20. त्यात वायरिंगचे 20 मिळवले की पल्ला उरतो 103 ते 40, म्हणजे सुमारे 1170 ते 1880 किलोहर्ट्झ. 792 येणार कुठून? त्या जागी 0.01 मायक्रोफॅरड लावला आणि बँड पूर्ण उघडला. खालचं टोक कापलं गेलं असेल, तर कॉइलला वेढे वाढवण्याआधी हा कंडेन्सर बघा. वेढे वाढवून 792 मिळेल, पण वरचा बँड जाईल; पल्ला तोकडा तो तोकडाच.

याच्या उलट लक्षण म्हणजे ट्यूनिंगचा व्होल्टेज बदलणारा पॉट कितीही फिरवा, काहीच सरकत नाही. इथे दोन शक्यता. मल्टीमीटर डायोडवर लावा. पॉट फिरवूनही तिथे 0.6-0.7 व्होल्टच दिसत असेल, तर डायोड उलटा लागलाय आणि सरळ वाहतोय. कॅथोड प्लसकडेच हवा. व्होल्टेज नीट बदलत असेल, तर पॉट आणि कॅथोड यांच्यामधला 100 किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते बघा. पॉटच्या मधल्या पायावर आपण खरखर जावी म्हणून 0.1 मायक्रोफॅरड ग्राउंडला लावलेला असतो. मध्ये रेझिस्टर नसला की तो कंडेन्सर रेडिओ सिग्नलसाठी डायोडला शॉर्ट करतो. कॉइलला दिसतो फक्त 0.01 चा स्थिर कंडेन्सर आणि सर्किट 120 किलोहर्ट्झजवळ जाऊन बसतं. तिथे ऐकणार काय!

रेझिस्टर मोठा चालतो, कारण उलट्या डायोडमधून करंट जवळजवळ वाहतच नाही. पण 10 मेगाओहम लावायचा मोह टाळा. उन्हात डब्यात तापलेल्या डायोडची गळती वाढते आणि तेवढ्या मोठ्या रेझिस्टरवर ती व्होल्टेज खाते.

आता बॅटरी. ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते, कारण रेडिओ वाजत असतो. पॉट थेट 9 व्होल्टच्या बॅटरीवर आहे आणि 792 साठी मधल्या पायावर 3 व्होल्ट आहेत असं समजा. ढोबळ हिशोबाने तिथे 1 मिलिव्होल्टला फ्रिक्वेन्सी 150 हर्ट्झ सरकते. आवाज वाढवला, बॅटरी 9 वरून 8.7 वर आली, की पॉटवर 3 चे 2.9 होतात. 100 मिलिव्होल्ट म्हणजे 15 किलोहर्ट्झ, आणि आपल्याकडे दोन चॅनेलमधलं अंतर फक्त 9! स्टेशन मधेच निघून जातं आणि माणूस बिचारा कॉइलच्या गाठी तपासत बसतो.

ट्यूनिंगला वेगळा रेग्युलेटर द्या. पण 9 व्होल्टच्या बॅटरीवर 78L08 लावून उपयोग नाही, त्याला आउटपुटपेक्षा जवळपास 2 व्होल्ट जास्त इनपुट लागतो. मी 12 व्होल्टच्या सप्लायवर गेलो. मोजतानाही मीटर पॉटच्या मधल्या पायावर लावा. कॅथोडवर लावला तर 10 मेगाओहमचा मीटर 100 किलोओहममधून करंट ओढतो, 3 व्होल्टचे 30 मिलिव्होल्ट जातात आणि मोजता मोजता स्टेशन अर्धा चॅनेल सरकतं.

शेवटची गोष्ट खालच्या टोकाची. पॉट पार शून्यावर जाऊ देऊ नका. डायोडवर डीसी फार कमी असेल आणि जवळचं जबरदस्त स्टेशन असेल, तर सिग्नलच्या शिखरांवर डायोड वाहू लागतो. आवाज फाटतो, ट्यूनिंग पसरट होतं. 8 व्होल्टवर 10 किलोओहमच्या पॉटच्या ग्राउंडकडच्या पायात 1.5 किलोओहमचा रेझिस्टर घातला की खालचा व्होल्टेज 1 च्या थोडा वर थांबतो. माझ्या बोर्डावर त्यामुळे सुई 531 च्या किंचित अलीकडेच थांबली. फेराइट रॉडवर कॉइल जराशी मध्याकडे सरकवली आणि तेवढं भरून आलं.