पोहून आल्यावर खांदा ठणकतो? फ्रीस्टाइलमधल्या या चुका टाळा

उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर पतंग उडवले की खांदे, दंड आणि पाठ भरून येते, हे बडोदेकरांना सांगायला नको. ते दुखणं पसरट असतं, दाबलं तर बरं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. लालबाग किंवा सरदारबागच्या स्विमिंग पुलावर उन्हाळी बॅच सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे अंग दुखतं, ते याच जातीचं. त्याची काळजी करायचं कारण नाही.

पहिली चूक म्हणजे 'स्विमर्स शोल्डर'लाही त्याच खात्यात टाकणं. हे दुखणं बोटाने दाखवता येतं: खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा वरच्या बाहेरच्या टोकाला. बहुधा एकाच हाताला असतं. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात चमक येते, वर पोहोचल्यावर ती थोडी कमी होते. वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा ऍक्टिवा मेन स्टँडवर ओढताना खांदा आठवण करून देतो आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. असं आठवडाभर चाललं तर 'पोहत राहा, आपोआप सुटेल' हा बाकावरचा सल्ला कामाचा नाही.

हे नाव वैद्यकीय लिखाणात १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी रूढ केलं. पण ते एका आजाराचं नाव नाही, एका जागेच्या दुखण्याचं आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा लाडू. हाडांची पकड नाममात्र, त्यामुळे लाडू बशीच्या मधोमध धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. यांतल्या सुप्रास्पायनेटस या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या अरुंद फटीतून जाते. स्नायू थकले की लाडू किंचित वर सरकतो, आणि त्याच वेळी हात डोक्यापुढे ताणून आतल्या बाजूला वळवला तर कंडरा दाबली जाते. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्यात शिरल्यापासून पाणी पकडेपर्यंत खांदा नेमका याच स्थितीत असतो. कंडरेला दुसरा त्रास केवळ कामाच्या ओझ्याचा. झेपेल त्यापेक्षा जास्त ओढलं की ती कुठेही न घासता दुखरी होते.

ओझं किती, ते मोजून बघू. समजा, दांडिया बाजारात राहणारे बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दिवसभर संगणकासमोर काम आणि पोहणं फक्त उन्हाळ्यात. पूल २५ मीटरचा आणि एका लॅपला दोन्ही हात मिळून २२ स्ट्रोक. पहिल्या आठवड्यात ते रोज १० लॅप करतात, म्हणजे एका हाताचे ११० स्ट्रोक. पाच दिवसांचे ५५०. तिसऱ्या आठवड्यात दम वाढला म्हणून रोज ४० लॅप. आता एका हाताचे आठवड्याला २२०० स्ट्रोक झाले. दम पंधरा दिवसांत वाढतो, कंडरेला महिने लागतात. एकवीस दिवसांत चौपट काम दिल्यावर ती कुरकुरणारच. त्यांचा डावा खांदा दुखायला लागतो, आणि ते उजव्या हाताने काम करणारे असल्यामुळे 'डावाच का?' हे कोडं त्यांना सुटत नाही.

उत्तर श्वासात आहे. ते फक्त उजवीकडे श्वास घेतात. तोंड उजवीकडे वळतं तेव्हा डावा हात पुढे ताणलेला असतो. श्वास नीट बसलेला नसला की माणूस त्या हाताचा आधार घेतो: सरळ हाताने पाणी खाली दाबून डोकं वर उचलतो. त्याच ओघात हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून उजवीकडे जातो. म्हणजे फट सगळ्यात अरुंद असताना तिच्यावर अख्ख्या धडाचा भार पडतो, तोही प्रत्येक श्वासाला. आपल्याकडे डोकं बाहेर ठेवून पोहायला शिकलेले लोक खूप आहेत, त्यांच्यात ही सवय फार दिसते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय बुडतात, आणि तरंगत राहण्यासाठी हातांना आणखी दाबावं लागतं.

स्वतःला हे पाण्यात कळत नाही. पुलाच्या तळाशी लेनची काळी रेघ असेल तर तिच्या बरोबर वर पोहा आणि श्वास घेताना पुढे असलेला हात रेघेच्या पलीकडे जातो का ते बघा. त्याहून चांगलं म्हणजे कुणाला तरी लेनच्या टोकाला, अगदी समोर बसवा. त्याने फक्त एवढंच सांगायचं: तोंड बाहेर असताना दुसरा हात कुठे होता, खांद्यासमोर की नाकासमोर.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट धरा. सुरुवात डोक्यापासून. नजर तळाकडे, आणि श्वासाला डोकं उचलायचं नाही, धडासोबत वळवायचं. एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. उच्छ्वास पाण्यातच पूर्ण सोडा, कारण तोंड बाहेर काढल्यावर आधी हवा सोडून मग घ्यायची म्हटलं की वेळ दुप्पट लागतो आणि तेवढा वेळ पुढचा हात दबलेला राहतो.

मग हाताचा प्रवेश. अंगठा आधी खुपसायचा आणि तळवा बाहेर वळवायचा, असं अनेकांना पूर्वी शिकवलेलं असतं. त्यात खांदा आतल्या बाजूला पिळलेल्या अवस्थेतच भार घेतो. त्याऐवजी तळवा खाली ठेवून मधलं बोट आधी पाण्यात जाऊ द्या, थेट खांद्याच्या रेषेत. मधली रेघ ओलांडायची सवय असलेल्यांना ही जागा चुकीची, फार बाहेर वाटते. म्हणून घड्याळाच्या दहा आणि दोनवर हात टाकतोय अशी कल्पना करा. प्रत्यक्षात तो अकरा आणि एकवर पडतो.

हात आत गेल्यावर पृष्ठभागालगत ताणून ठेवू नका. तो वीत-दीड वीत खोल जाऊ द्या, मग कोपर किंचित वाकवून पाणी मागे ढकला. कोपर अगदी वर ठेवायची स्पर्धकांची पद्धत बघून नक्कल करणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. तिच्यासाठी खांदा फार मोकळा लागतो, आणि ऑफिसात बसून आखडलेल्या खांद्याला ती नवीन दुखणं देऊ शकते.

सरावासाठी एका कुशीवर पोहा: खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, सहा किक, मग एक स्ट्रोक आणि दुसरी कूस. बॅचच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना, असे चार लॅप पुरतात. पायात फिन्स असतील तर सोपं जातं. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायलाही यातूनच जमतं.

आता साधनं. खांदा दुखतो म्हणून 'आज फक्त किक' करणारे दोन्ही हात ताणून किकबोर्ड धरतात आणि अर्धा तास खांदा त्याच अडचणीच्या जागी दाबून ठेवतात. बोर्ड सोडा. पाठीवर, हात अंगालगत ठेवून किक मारा. पंजाला बांधायची हँड पॅडल तर दुखणं असेपर्यंत पिशवीतच राहू द्या. प्रत्येक स्ट्रोकचा भार ती वाढवतात.

पोहण्याआधी मित्राकडून दोन्ही हात मागे खेचून घेण्याची पद्धतही सोडावी. त्याने सांध्याची पुढची बाजू आणखी सैल होते, आणि सैल सांध्याला जागेवर धरायला रोटेटर कफला जास्त राबावं लागतं. हात गोल फिरवणं आणि पहिले चार लॅप सावकाश, एवढा वॉर्मअप पुष्कळ.

ताकदीच्या बाबतीत चूक व्यायाम न करण्यापेक्षा एकांगी व्यायामाची जास्त असते. पोहण्याने छातीचे आणि पाठीचे ओढणारे स्नायू मजबूत होतातच. त्यावर जिममध्ये बेंच प्रेस करून आपण तेच वाढवतो. हात बाहेर वळवणारे आणि पाठीवरचं त्रिकोणी हाड, म्हणजे खवाटा, जागेवर धरणारे स्नायू मागे पडतात. त्यांच्यासाठी तीन व्यायाम, आठवड्यातून तीनदा.

पहिल्यासाठी रबरी बँड खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. गजाला कूस करून उभे राहा, दुखरा हात गजापासून दूरच्या बाजूला. कोपर काटकोनात वाकवून कमरेला चिकटवा आणि मध्ये घडी केलेला नॅपकिन ठेवा. पंजा दोन सेकंदांत बाहेर न्या, तीन सेकंदांत परत आणा. १५ वेळा, तीन फेऱ्या. नॅपकिन पडला किंवा कंबर वळली तर बँड जड आहे.

दुसऱ्यात हात भिंतीला टेकवून कोपरं सरळ ठेवा आणि फक्त खवाटे पुढे-मागे सरकवा. भिंत ढकलताना पाठ किंचित गोल होते, ती हालचाल महत्त्वाची. १५ वेळा, दोन फेऱ्या. सोपं वाटलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर, नंतर जमिनीवर.

तिसरा पलंगावर पालथं पडून: हात तिरके पुढे, इंग्रजी वाय अक्षरासारखे, अंगठे छताकडे. वजन न घेता वीतभर उचला, दोन सेकंद थांबा. १० वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानाकडे चढायला लागले की थांबा.

हे पोहण्याच्या आधी करू नका. रोटेटर कफ थकवून पाण्यात उतरणं म्हणजे लाडू सैल सोडणं. पोहून झाल्यावर किंवा संध्याकाळी करा. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी आधीइतकंच असलं तर चालेल. सकाळी वाढलेलं असेल तर फेऱ्या कमी करा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि दोन आठवड्यांनी बँड कपाटात जाणं हीच सगळ्यात नेहमीची चूक आहे.

चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असेल तर, आधी एक गोष्ट तपासा. कोपर कमरेला लावून दुसऱ्या कुणाला तरी तुमचा पंजा हळूच बाहेर फिरवायला सांगा. दुसऱ्याने फिरवूनही तो चांगल्या हातापेक्षा बराच आधी अडत असेल तर ते बहुधा फ्रोझन शोल्डर आहे, आणि त्याचा मार्ग वेगळा. पडल्यावर हातच उचलेनासा होणं किंवा बोटांपर्यंत मुंग्या येणं, यातही घरी प्रयोग न करता हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. डाव्या खांद्यासोबत छातीत दडपल्यासारखं वाटत असेल तर पोहण्याचा विचार सोडून तडक दवाखाना गाठायचा.

आपल्या दांडिया बाजारच्या गृहस्थांचा पंजा मात्र पूर्ण फिरतो. म्हणून त्यांनी पूल सोडू नये, ४० वरून १२ लॅपवर यावं: चार सावकाश फ्रीस्टाइल, चार कुशीवरच्या सरावाचे, चार पाठीवरच्या किकचे. दुसऱ्या सकाळी खांदा शांत असेल तर दर आठवड्याला दोन लॅप वाढवावेत, आणि फ्रीस्टाइलमध्ये डावा हात पुन्हा नाकासमोर जायला लागला की त्या लॅपनंतर त्या दिवसाची फ्रीस्टाइल बंद. या हिशोबाने २० लॅप पाचव्या आठवड्यात येतात. पुढेही तीच चाल ठेवली तर ४० चा आकडा पंधराव्या आठवड्यात येतो, तिसऱ्या नाही. पॅडल त्यानंतर, तीही पंजापेक्षा थोडीच मोठी आणि सुरुवातीला दोन-चार लॅपपुरती.