बासमती उघड्या गंजात: पाणी मुरवून की वेळून?

भाऊबीजेला घरी नऊ माणसं जेवायला होती आणि कुकरची रिंग ऐनवेळी फाटली. तीन वाट्या बासमती मी अर्धा तास आधीच भिजत घातला होता. म्हटलं, चला, गंजात करू. एकाला दोन या पाठ हिशेबानं सहा वाट्या पाणी ओतलं. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर भात इतका गिच्च की उलथण्यावर गोळ्यानंच वर यायचा. शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी गंजात डोकावलं आणि म्हणाल्या, "तांदूळ भिजवला होता नं? मंग त्यानं आधीच पाणी पेलं नाही का? ते कोण वजा करन?"

काकूंच्या त्या प्रश्नापासून मी वाटी आणि वजनकाटा घेऊन बसले. आता मोकळा बासमती उघड्या गंजात दोन्ही तऱ्हांनी जमतो, पाणी मुरवूनही आणि वेळूनही. दोन्हींत सांभाळायची गोष्ट वेगळी आहे. मुरवून करताना पाणी चुकता कामा नये, वेळून करताना वेळ चुकता कामा नये. भिजवणं मात्र दोन्हींत आलंच, म्हणून आधी ते.

भिजवणं

बासमतीचा दाणा लांब आणि घट्ट असतो. कोरडा तांदूळ उकळत्या पाण्यात पडला की वरचा थर लगेच शिजायला लागतो, पण पाणी आत पोचायला वेळ घेतं. आतली कणी शिजेपर्यंत बाहेरचा भाग फुटून लगदा होतो. भिजवल्यावर पाणी शिजण्याच्या आधीच मधोमध पोचलेलं असतं, त्यामुळे दाणा एकसारखा आणि लवकर शिजतो, आणि फुटण्याऐवजी लांबीत वाढतो.

तांदूळ भिजत घालायच्या आधी तीन-चार पाण्यांनी धुवा. दाणे चोळू नका, बोटांनी नुसते फिरवा. मग वर दोन बोटं पाणी राहील इतकं घालून ठेवा. साधारण अर्धा तास पुरतो. पण नागपुरात घड्याळावर विसंबता येत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, त्यात वीस मिनिटांत काम होतं. डिसेंबरच्या सकाळी त्याच नळाच्या पाण्यात चाळीस मिनिटं लागतात.

म्हणून दाणाच बघा. कोरडा बासमती उजेडात धरला तर थोडा काचेसारखा दिसतो. भिजला की दुधासारखा पांढरा होतो. एक दाणा नखानं मधोमध तोडा. आत काचेसारखी रेघ दिसली तर अजून दहा मिनिटं द्या. सगळा पांढरा असेल आणि नख सहज आत गेलं तर झालं. त्यापुढे भिजत ठेवून काही मिळत नाही. दोन-तीन तास राहिला तर दाणे ठिसूळ होतात आणि उपसतानाच अर्धे तुटतात. तांदूळ भिजत घालून बाजारात गेलात की हे होतं.

भिजलेला तांदूळ चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. ही पायरी फालतू वाटते, पण तळाशी राहिलेलं अर्धी वाटी पाणी पुढचा सगळा हिशेब बिघडवतं.

पाकिटावर 'सेला' लिहिलं असेल तर हा हिशेब लागू नाही. तो तांदूळ सालासकट उकडून, वाळवून मग कांडलेला असतो. रंगानं पिवळसर, दाण्यानं टणक. त्याला तासभर तरी भिजवावं लागतं. लग्नाच्या पंगतीत तोच असतो, कारण मोठ्या भांड्यातही मोडत नाही.

पाणी मुरवून

गंजातलं पाणी दोन ठिकाणी जातं: काही तांदळात, काही वाफेत. तांदळात जाणारं पाणी तांदूळ वाढला की त्याच प्रमाणात वाढतं. वाफेत जाणारं पाणी मात्र गंजाचं तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतं. आत एक वाटी तांदूळ आहे की तीन, याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. 'एकाला दोन' हा नियम म्हणूनच थोड्या कोरड्या तांदळाला कसाबसा चालतो आणि जास्त तांदळाला फसवतो.

माझी वाटी २५० मिलिलिटरची आहे. तीत साधारण २०० ग्रॅम बासमती बसतो. भिजवून निथळल्यावर तोच तांदूळ काट्यावर २६० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ६० मिलिलिटर पाणी त्यानं पिऊन घेतलेलं असतं. मोकळ्या भाताला वजनाच्या दीडपट पाणी लागतं असं धरा, म्हणजे ३००. त्यातले ६० गेले, राहिले २४०. माझ्या गंजातून वाफेत साधारण १०० मिलिलिटर जातं. एकूण ३४०, म्हणजे वाटीला सव्वा-दीड वाटी.

आता भाऊबीजेचे तीन वाट्या. तांदूळ ६०० ग्रॅम, त्याला हवं ९००, भिजताना प्यायलेलं १८०, राहिलं ७२०. वाफेसाठी गंज मोठा म्हणून १२० धरा. झाले ८४०, म्हणजे साडेतीन वाट्यांनाही थोडं कमी. आणि मी घातलं होतं सहा वाट्या!

तुमच्या गंजाची वाफ तुम्हालाच मोजावी लागेल, पण ते सोपं आहे. दोन वाट्या नुसतं पाणी उकळा, झाकण ठेवून बारा मिनिटं मंद आचेवर ठेवा, गार झाल्यावर परत मोजा. जे कमी भरेल ती तुमच्या गंजाची वाफ. झाकण सैल असेल तर आकडा बराच मोठा येतो. मग झाकणाला स्वच्छ फडकं गुंडाळा, पण त्याची टोकं वर बांधा, खाली लोंबली तर पेट घेतात.

पुढची कृती अशी. मोजलेल्या पाण्याचं आधण ठेवा, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घाला. खळखळून उकळी आली की निथळलेला तांदूळ वैरा आणि एकदाच हलक्या हातानं सारखा करा. पुन्हा उकळी फुटली की झाकण ठेवून आच अगदी मंद करा. दहा ते बारा मिनिटं ठेवून गॅस बंद करा आणि आणखी दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका. या शेवटच्या दहा मिनिटांत तळाचा ओलावा वरपर्यंत सारखा पसरतो आणि मऊ पडलेला दाणा परत थोडा घट्ट होतो. तेवढं न थांबता उलथणं घातलं तर चांगला शिजलेला भातही मोडतो.

गंज पातळ असेल तर मंद आच करताना खाली तवा सरकवा, नाहीतर तळ करपून वरची शितं कच्ची राहतात. उन्हाळ्यात कूलरचा झोत ओट्याकडे येत नाही ना तेही बघा. माझी मंद ज्योत अशी एकदा विझली होती आणि मी बाहेर बसून मिनिटं मोजत होते.

वेळून

इथे मोजमाप नको, फक्त पाणी भरपूर हवं. वाटीला सात-आठ वाट्या. गंज असा घ्या की उकळी आल्यावरही वर चार बोटं जागा राहील. मीठ चांगलं घाला, कारण त्यातलं बहुतेक पाण्याबरोबर जाणार आहे. आधण चाखलं तर आमटीसारखं खारट लागलं पाहिजे. लिंबाचे चार थेंब टाकले तर दाणा पांढराशुभ्र राहतो.

तांदूळ वैरून पुन्हा उकळी आली की घड्याळ लावा, झाकण ठेवू नका. भिजवलेला बासमती पाच ते सात मिनिटांत होतो. चौथ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटानं एक शीत काढून अंगठा आणि तर्जनीत दाबा. दोन्ही टोकं मऊ होऊन पसरली, पण मधे मोहरीहून लहान असा कडक ठिपका बोटाला लागला, की त्याच क्षणी गंज उचला. तो ठिपका पुढे वाफेत मुरतो. ठिपका जाईपर्यंत थांबलात तर चाळणीत ओतेओतेपर्यंत भात जास्त शिजलेला असतो, कारण गरम दाणा बाहेर आल्यावरही शिजतच राहतो. मी चाळणी आधीच मोरीत मांडून ठेवते. तेव्हा शोधायला गेलं की एक मिनिट जातं, आणि इथे एक मिनिट फार झालं.

वेळलेला भात त्याच गरम गंजात परत घाला, झाकून पाच मिनिटं अगदी मंद आचेवर ठेवा, मग गॅस बंद करून दहा मिनिटं मुरू द्या. पुलाव किंवा बिर्याणीचे थर लावायचे असतील तर ठिपका थोडा मोठा असतानाच वेळा, कारण पुढे दम बाकी असतो.

यात वरचा चिकटपणा पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून भात मुरवलेल्यापेक्षा सुटा होतो. पण त्याच पाण्यात ब जीवनसत्त्वं आणि थोडा सुगंधही जातो. रोजच्या वरणभाताला मी म्हणूनच मुरवूनच करते. पाहुण्यांच्या पुलावाला वेळून. तांदूळ नव्या पिकाचा असेल तेव्हाही वेळूनच, कारण नवा तांदूळ चिकट होतो आणि मुरवायला गेलं तर पाण्याचा अंदाज चुकतो.

गोळाभाताला मात्र वेळणं जमत नाही. पाणी तांदळाच्या बरोबरीनं आलं की वर हरभऱ्याच्या डाळीचे गोळे ठेवायचे असतात आणि ते त्याच वाफेवर शिजतात. त्यासाठी बासमतीही नको; आपल्याकडचा श्रीराम किंवा एचएमटी बरा. हे एचएमटी वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलं. दाणा बारीक आणि आखूड, त्याला दहा-पंधरा मिनिटं भिजवणं पुष्कळ झालं. बासमतीसारखा अर्धा-पाऊण तास ठेवलात तर गोळ्यांखाली भाताचा चिखल होतो.

बिघडलं तर

मुरवलेल्या भातात कणी राहिली असेल तर वरून दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडा, झाकून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. गार पाणी घालू नका, वाफ मोडते. वरचा भात झाला पण तळाशी पाणी दिसतंय, तर हलवू नका. गंज तिरपा करून पाणी काढून टाका आणि झाकण न ठेवता दोन मिनिटं आचेवर ठेवा. करपल्याचा वास आला तर गंज लगेच ओल्या फडक्यावर ठेवा आणि वरवरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा, तळाला उलथणं लावू नका.

जास्त शिजून गिच्च झालेला भात मोकळा होत नाही. परातीत पसरून पंख्याखाली ठेवला तर दही-भातापुरता सावरतो. भाऊबीजेचा माझा भात असाच दह्यात गेला, वर हिंग आणि लाल मिरचीची फोडणी. काकूंनी मागून घेऊन खाल्ला, पण जाताना सहा वाट्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहिल्या नाहीत.