शेड आयटमवर नको, रोलवर हवी

विट्यातल्या आमच्या प्रोसेस हाउसमध्ये ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर नेव्ही कापडाचा साठा १,४०० मीटर दाखवत होतं. ऑर्डर १,२०० मीटरची, पण गोदामात एका शेडचं कापड निघालं ८६० मीटर. बाकीचं दुसऱ्या डाय लॉटचं, म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेलं. असे दोन लॉट एका शर्टात आले, की बाही वेगळी उठून दिसते.

मग प्रत्येक रोल म्हणजे एक बॅच, असं ठरवलं. व्यवहार झालेल्या आयटमवर `Has Batch No` नंतर चालू करता येत नाही, म्हणून नवा आयटम कोड काढून जुना साठा त्यात वळवला. `Batch` वर तीन कस्टम फील्ड जोडली: शेड ग्रुप, रुंदी, ग्रेड.

रुंदी कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर मशीननंतर, तपासणी टेबलावर मोजूनच भरायची. ऑर्डरमधली रुंदी उतरवली, तर ५७ इंची रोल ५८ म्हणून जातो आणि कटिंगवाल्याचा मार्कर, म्हणजे शर्टाच्या भागांची मांडणी, बसत नाही. शेड ग्रुप मात्र दिवसाच्या उजेडासारख्या D65 दिव्याखाली माणूसच ठरवतो. ते काम सॉफ्टवेअरचं नाही.

रोल कापला की उरलेल्या तुकड्याला नवा नंबर, R214 चा R214-A, आणि शेड मूळ रोलचीच. आता विक्रीवाले आधी ग्रुपनिहाय मीटर बघतात, मगच तारीख देतात.