नाव खोडलं तरी बाई ओळखू येते : मुलाखतींचे ट्रान्स्क्रिप्ट निनावी कसे करावेत आणि कुठे ठेवावेत

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हापासून या विषयावर मुलाखती घेणारे अनेक संशोधक फडापर्यंत पोचले. अशा बाईने तुमच्याशी जे बोललं, ते तिच्या मुकादमाने वाचलं तर पुढच्या हंगामात तिला टोळीत घेतलं जाणार नाही, किंवा उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, तगादा लागेल. म्हणून ट्रान्स्क्रिप्ट निनावी करताना डोळ्यांसमोर अनोळखी वाचक ठेवून चालत नाही, मुकादम ठेवावा लागतो. त्याला तिचं नाव कळायची गरजच नसते. दोन खुणा मिळाल्या की तो तिला ओळखतो.

खालच्या पायऱ्या याच उदाहरणावर सांगतो. विषय तुमचा वेगळा असेल, पण ज्या छोट्या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे पद्धत हीच चालते.

१. मुलाखतीआधी: प्लॅनमध्ये आणि संमतिपत्रात एकच गोष्ट लिहा

विद्यापीठाचा डेटा मॅनेजमेंट प्लॅन साधारण चार गोष्टी विचारतो: काय गोळा करणार, कुठे ठेवणार, कोण बघणार, कधीपर्यंत ठेवणार. बरेच जण तो एथिक्स कमिटीचा कागद म्हणून भरतात आणि संमतिपत्र वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच भाषेत लिहितात. मग प्लॅन म्हणतो, निनावी ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाच्या संग्रहात ठेवू, आणि संमतिपत्र म्हणतं, ही माहिती माझ्याशिवाय कोणी बघणार नाही. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, आणि हे कळतं तेव्हा बाई कारखान्यावरून दुसरीकडे गेलेली असते.

संमतिपत्रात 'संपूर्ण गुप्तता' असा शब्द घालू नका. 'तुमचं नाव, गाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकू, उरलेलं बोलणं माझ्या टीममधले लोक आणि परवानगी घेतलेले अभ्यासक वाचतील' हे खरं वाक्य आहे. माघार घेण्याची शेवटची तारीख सांगा, कारण कोणती मुलाखत कोणाची हे सांगणारी यादी एकदा नष्ट झाली की तिची मुलाखत कोणती, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. वाचता न येणाऱ्या बाईला हे सगळं तोंडी समजावून सांगावं लागतं. तिचा अंगठा असलेला कागद हीसुद्धा तिची ओळखच असते. तो ट्रान्स्क्रिप्टच्या फाइलीत लावायचा नाही, वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायचा.

२. क्रमांक द्या, पण बोलका क्रमांक देऊ नका

BEED_KEJ_MJ_03 असा क्रमांक म्हणजे नाव लिहिल्यासारखंच आहे. M47 पुरे. मुलाखतीच्या क्रमानेही आकडे देऊ नका, कारण तुम्ही कोणत्या दिवशी कोणत्या खोपीवर गेला होता हे टोळीला माहीत असतं. आकडे मिसळून टाका. M47 म्हणजे कोण, हे फक्त एका फाइलीत असेल. तिला आपण किल्ली म्हणू. ती ट्रान्स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये कधीही नसावी.

रेकॉर्डिंग फोनवर करत असाल तर आधी क्लाउडचा आपोआप होणारा बॅकअप आणि लोकेशन बंद करा. फोनच्या रेकॉर्डरला लोकेशनची परवानगी असेल तर काही अॅप फाइलच्या नावातच ठिकाण घालतात. टंकलेखनासाठी ऑडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवायची सवय सर्रास आहे. ती मोडायला हवी, कारण एका फोनवरून गेलेली फाइल किती जागी उरली हे मग कोणालाच सांगता येत नाही. ट्रान्स्क्रिप्ट करणाऱ्या माणसाकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्या आणि काम झाल्यावर त्याच्याकडची प्रत पुसली जाते हे पाहा.

३. आधी सरळ खुणा काढा, आणि मराठीचा फटका सांभाळा

मूळ ट्रान्स्क्रिप्टला हात लावू नका. त्याची प्रत करा आणि प्रतीवर काम करा. नावं, गावं, फोन, कारखान्याचं नाव, दवाखाना, डॉक्टर हे सरळ काढायचं. काढायचं म्हणजे जागा मोकळी सोडायची नाही, त्याजागी चौकोनी कंसात वर्णन ठेवायचं: [तालुका], [थोरली नणंद], [खासगी दवाखाना]. 'xxx' लिहिलं की वाचणाऱ्याला तिथे माणूस होता की गाव, हेच कळत नाही.

इथे मराठीत 'शोधा आणि सगळं बदला' वापरणं धोक्याचं आहे. 'केज' हा तालुका सगळीकडे बदलायला सांगितला तर 'पॅकेज'चं 'पॅ[तालुका]' होतं. 'बीड' बदलला तर नवरा ओढतो ती 'बीडी'सुद्धा बिघडते. उलट बाजूने 'धारूर' शोधलं तर 'धारुरात' सापडत नाही, कारण प्रत्यय लागताना दीर्घ ऊ ऱ्हस्व झालेला असतो. 'मंदा' शोधल्यावर 'मंदे' अशी हाक निसटते. म्हणून आधी टर्मिनलमध्ये grep ही आज्ञा देऊन तो शब्द असलेल्या नुसत्या ओळी काढून बघा:

```
grep -n "धार[ूु]र" M47_v1.txt
```

आलेली प्रत्येक ओळ वाचून हाताने बदल करा. प्रत्यय कंसाबाहेर ठेवा: '[तालुका]ला', '[तालुका]हून'. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर हा शोध लागणारच नाही, तो आधी युनिकोडमध्ये आणा.

प्रत्येक बदलाची नोंद एका तक्त्यात करा: ओळ, मूळ शब्द, नवा शब्द, कारण. या तक्त्यात सगळी खरी नावं असतात, त्यामुळे तो किल्लीच्या शेजारी राहील, ट्रान्स्क्रिप्टच्या नाही. आणि वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवून बदल केले असतील तर खोडलेली नावं फाइलमध्ये तशीच असतात. बदल स्वीकारा, कॉमेंट काढा, मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. शेवटची प्रत साध्या .txt मध्ये ठेवणं मला सर्वात निर्धोक वाटतं.

४. मग आडवळणाच्या खुणा

खरा वेळ इथे द्यायचा. खालचा उतारा दाखवण्यासाठी मी रचलेला आहे.

> 'पिशवी काढली तवा मी पंचविसाची हुते. जुळ्या पोरी झाल्या त्याच्या मागं दोन वर्सांनी. मुकादमाच्या भावाचंच मेडिकल हाय, त्यांनीच डाक्टर सांगितला. आमच्या टोळीत दहावी शिकलेली मी एकटीच, म्हून हिशोब मीच बघते.'

यात एकही नाव नाही. तरी टोळीतल्या कोणीही 'ही अमकी' असं म्हणेल. जुळ्या पोरी, दहावी शिकलेली एकटी, हिशोब बघणारी: यातली एक खूण पुरे, तीन एकत्र म्हणजे नावच.

प्रत्येक खुणेला दोन प्रश्न विचारा. ती संशोधनाच्या प्रश्नासाठी लागते का? आणि तिच्यावरून किती जणींवर बोट ठेवता येईल? जुळ्या पोरी माझ्या प्रश्नाला लागत नाहीत, तिथे [मुलं] पुरे. पंचवीस हे वय महत्त्वाचं आहे, कारण इतक्या लहान वयात शस्त्रक्रिया होते हेच दाखवायचं आहे. तिथे [२५ ते २९] असा गट करतो, मुद्दा शाबूत राहतो. मुकादमाच्या भावाचं मेडिकल मात्र काढून टाकता येत नाही. मजूर आणणारा आणि औषध विकणारा एकाच घरातले असणं हाच शोध आहे. म्हणून नातं सैल करतो: [मुकादमाच्या नात्यातल्या माणसाचा औषधांचा धंदा]. दहावीचं वाक्य विश्लेषणाला हवं असेल तर त्याचं शेपूट तोडतो:

> 'पिशवी काढली तवा मी [२५ ते २९] ची हुते. [मुलं] झाल्याच्या मागं [काही] वर्सांनी. [मुकादमाच्या नात्यातल्या माणसाचा औषधांचा धंदा] हाय, त्यांनीच डाक्टर सांगितला. मी [माध्यमिक शाळा] शिकलेली.'

तिची बोली मी बदलली नाही. प्रमाण मराठी केलं तर ती बाई राहत नाही, अहवाल होतो. पण एखादी म्हण किंवा शिवी एकाच माणसाच्या तोंडी असते आणि सगळ्यांना ती ठाऊक असते. तिच्याकडे लक्ष ठेवा.

आता कसोटी. त्याच भागातला, टीममधला आणि करारावर सही केलेला सहकारी घ्या. त्याला मूळ न दाखवता निनावी प्रत वाचायला द्या आणि 'कुठलं गाव, कोण असेल' विचारा. माझ्या एका कामात मी गाव काढलं होतं, पण 'जत्रेच्या दिवशी पाणी सोडतात' हे वाक्य तसंच राहिलं. सहकाऱ्याने मिनिटभरात गावाचं नाव सांगितलं. ते वाक्य मी चार वेळा वाचलं होतं. बाहेरच्या माणसाला जत्रा ही जत्राच दिसते.

काही मुलाखती या कसोटीत शेवटपर्यंत पास होत नाहीत. त्या पोकळ होईपर्यंत कापत बसू नका. त्या मर्यादित प्रवेशात ठेवा किंवा संग्रहात देऊच नका, आणि प्लॅनमध्ये तसं कारणासकट लिहा.

५. साठवण: तीन जागा, दोन कुलपं

मूळ ऑडिओ, किल्ली आणि बदलांचा तक्ता एका कुलपात, निनावी ट्रान्स्क्रिप्ट दुसऱ्या. दोन्हींचे पासवर्ड वेगळे. पहिली जागा विद्यापीठाचा अधिकृत सर्व्हर किंवा ड्राइव्ह. स्वतःच्या जीमेलशी जोडलेली ड्राइव्ह सोयीची असली तरी विद्यापीठाच्या ताब्यात नसते. दुसरी, एन्क्रिप्ट केलेली बाहेरची डिस्क, ती घरी न ठेवता विभागातल्या कपाटात. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. सेव्हन-झिपने एन्क्रिप्ट करताना फाइलींची नावंही लपवायला हवीत, नाहीतर आत काय आहे ते बाहेरूनच वाचता येतं:

```
7z a -p -mhe=on M47.7z M47_anon.txt
```

कुलूपबंद प्रत बनली म्हणजे उघडी प्रत आपोआप जात नाही, ती वेगळी काढावी लागते. आणि लॅपटॉपच्या एसएसडीवरून पुसलेली फाइल खात्रीने नष्ट झाली असं धरता येत नाही. म्हणून पहिल्या मुलाखतीआधीच विंडोजच्या बिटलॉकरने किंवा मॅकच्या फाइलव्हॉल्टने सगळी डिस्क एन्क्रिप्ट करा. पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळत नाही, तेव्हा तो बंद पाकिटात गाइडकडे द्या. दर तिमाहीत एखादी फाइल बॅकअपमधून उघडून बघा. न उघडणारा बॅकअप त्याच दिवशी कळतो.

६. किल्लीची तारीख

किल्ली असेपर्यंत तुमचे ट्रान्स्क्रिप्ट निनावी नाहीत, फक्त टोपणनावाने आहेत. युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्यानुसार किल्ली हातात असलेल्या संशोधकासाठी तो वैयक्तिक डेटाच ठरतो. विद्यापीठाचा नियम आणि एथिक्स कमिटीची अट पाहून ऑडिओ कधी आणि किल्ली कधी नष्ट करायची, याच्या दोन वेगळ्या तारखा प्लॅनमध्ये घाला. पदवी मिळाली की विद्यापीठाचं खातं सहसा बंद होतं आणि त्यातली फाइल कोणाचीच राहत नाही. त्यामुळे प्रबंध जमा करण्याआधी गाइडसोबत बसून कोणती फाइल कोणाच्या नावावर जाते, ते कागदावर उतरवा, दोघांची सही करा आणि किल्ली नष्ट करण्याचा दिवस दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका.