आरओ उघडून फोटो पाठवण्याआधी: कार्ट्रिज ओळखू यावं म्हणून करायची तयारी

आरओचं झाकण काढलं की आत तीन-चार पांढऱ्या नळकांड्या दिसतात आणि त्यातली मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी मुख्य गाळणी, कोणती, हे नुसत्या रंगरूपावरून सांगता येत नाही. गाळ अडवणारं सेडिमेंट आणि वास-क्लोरीन शोषणारं कार्बन ही कार्ट्रिज बाहेरून अगदी सारखीच असतात. ओळख पटते ती नळ्यांवरून: पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं. म्हणून फोटोत नळ्यांची टोकं दिसलीच पाहिजेत.

झाकण काढण्याआधी शक्य असेल तर येणाऱ्या आणि शुद्ध झालेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून लिहून ठेवा, कारण मशीन बंद केल्यावर तो मोजता येणार नाही. मग प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करा. नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढूनच ठेवा. आत यूव्ही दिवा असू शकतो आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नसतं.

पहिला फोटो समोरून, सरळ, पूर्ण मशीनचा, एकही नळी न काढता. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण नळी एकदा सुटली की तिची मूळ जागा सांगायला कुणी उरत नाही. खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश बंद ठेवा. चकचकीत लेबलवर फ्लॅश पडला की अक्षरं पुसली जातात. नळ्या एकमेकींवर आल्या असतील तर त्यांना रंगीत दोरा किंवा चिकटपट्टी लावून दुसरा फोटो काढा.

मग सगळ्यात जाड नळकांड्याची दोन्ही टोकं जवळून टिपा. मेम्ब्रेनच्या घराची खूण इथेच सापडते: झाकणाच्या टोकाला एक नळी, दुसऱ्या टोकाला दोन. त्या दोनपैकी मधली शुद्ध पाण्याची, बाजूची टाकाऊ पाण्याची. बाकीच्या कार्ट्रिजना दोनच नळ्या, एक आत आणि एक बाहेर. टाकाऊ पाण्याची नळी मशीनमध्ये कुठेच नसेल, तर ते बहुधा यूव्ही किंवा यूएफ, म्हणजे बारीक पोकळ तंतूंतून पाणी गाळणारं, मशीन असतं आणि त्याला आरओ मेम्ब्रेन विकत घ्यायचीच गरज नाही.

सोलापूरकडच्या एका घरातून आलेल्या फोटोचं उदाहरण घेऊ. एक जाड आणि तीन बारीक नळकांड्या, लेबलं सगळी भिंतीकडे. जाड नळकांड्याच्या झाकणापासून नळी धरून मागे गेलो. पंप आणि व्हॉल्व्ह ओलांडून पहिलं लागलं ते कार्बन, त्याच्या मागचं सेडिमेंट. बहुतेक घरगुती मशीनमध्ये हाच क्रम असतो, तरी क्लिपमधून थोडं फिरवून लेबल पाहावंच, म्हणून तो फोटो मी मागवून घेतला. मधल्या नळीने पुढे गेल्यावर नळाजवळची तिसरी नळकांडी आली, म्हणजे ती मेम्ब्रेननंतरची. ती पोस्ट-कार्बन की यूएफ, हे मात्र लेबलशिवाय ठरवता येईना. कवच पारदर्शक असतं आणि आत शेवयांसारखे पांढरे तंतू दिसले असते, तर यूएफ म्हणून लगेच सांगितलं असतं.

मेम्ब्रेनची क्षमता बाहेरून सहसा कळत नाही. त्यासाठी मेम्ब्रेनच्या घराचं झाकण पान्याने घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवावं लागतं आणि मेम्ब्रेन पक्कडीने सरळ ओढून काढावी लागते. काढण्याआधी कोणतं टोक झाकणाकडे होतं त्याचा फोटो घ्या. रबराची रुंद कडी असलेलं टोक तिकडे असतं, दोन बारीक ओ-रिंगवालं टोक आत. सोलापूरकडच्या त्या मशीनमध्ये मेम्ब्रेनच्या लेबलवर १८१२ आणि ७५ निघालं. १८१२ म्हणजे सुमारे १.८ इंच व्यास आणि १२ इंच लांबी. ७५ म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, सुमारे २८४ लिटर, तेही ठरावीक दाब आणि तापमानावर. लेबल सुटून गेलं असेल तर शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. त्यातून माप कळेल, पण क्षमता नाही. फोटो होताच मेम्ब्रेन लगेच तिच्या घरात परत बसवा किंवा स्वच्छ प्लास्टिक पिशवीत ओली ठेवा. वापरलेली मेम्ब्रेन वाळली की तिच्यातून पाणी नीट येत नाही.

टाकाऊ नळीवर बोटाएवढा एक छोटा भाग असतो, टाकाऊ पाण्याचा प्रवाह रोखून धरणारा एफआर. त्यावरचा आकडाही टिपा, उदाहरणार्थ ४५०, म्हणजे मिनिटाला ४५० मिली. मेम्ब्रेनची क्षमता बदलायची असेल तर दुकानदाराला हा आकडा लागतो.

कार्ट्रिज फिरवून अडकवायचं, कंपनीच्या खास खाचेचं असेल तर लांबी-रुंदी जुळूनही दुसरं बसत नाही. अशा वेळी मानेचा, खाचांचा आणि ओ-रिंगांचा फोटो वरून काढा, आणि मशीनच्या मागचं मॉडेलचं स्टिकर त्यासोबत पाठवा.