‘परतताना’ कोण परतत होतं?

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात एकदा वाक्य आलं: ‘राजवाड्याहून परतताना सचिवांना खजिनदार भेटले आणि त्यांनी पावतीपुस्तक दिले.’ परतत कोण होतं? पुस्तक कुणी कुणाला दिलं? आदरार्थी ‘त्यांनी’ दोघांनाही लागू पडतं. खजिनदार बाई असत्या तरी सुटका नव्हती, कारण ‘त्यांनी’मधून लिंगही कळत नाही.

असं वाक्य दिसलं की ‘-ताना’ मोडून ‘तेव्हा’ करा आणि कर्ता उघड लिहा: ‘सचिव राजवाड्याहून परतत होते, तेव्हा त्यांना खजिनदार भेटले. खजिनदारांनी सचिवांना पावतीपुस्तक दिले.’ पहिल्या वाक्यातलं ‘त्यांना’ राहू द्या. तिथवर एकाच माणसाचा उल्लेख झालाय. दुसऱ्यात मात्र पदनाम पुन्हा लिहावंच लागतं. कानाला जरा जड वाटतं, पण हिशेबाच्या कागदात ते चालतं.

‘-ऊन’ची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा कर्ता बहुधा मुख्य क्रियापदाचाच धरला जातो, म्हणून ‘सराफ्यात जाऊन दुकान बंद होते’ या वाक्यात दुकानच चालत गेलं! ‘मी सराफ्यात गेलो, तर दुकान बंद होते’ असं लिहा. ‘पत्र वाचून आईचे डोळे भरून आले’ हे मात्र बिनधास्त ठेवा. वाचणारी आईच, हे ‘आईचे’मधून कळतं.